पंचाहत्तर गाड्या कांदा आणि वायव्य कोपरा

एका कांदा व्यापाऱ्याचा माल तीन बाजारांत तयार आहे. लासलगावला ३० गाड्या, चाकणला २० आणि सोलापूरला २५. मागणीही तीन शहरांतून आली आहे: वाशीला २५ गाड्या हव्यात, सुरतेला २० आणि हैदराबादला ३०. माल ७५ गाड्या, मागणीही ७५. आता एवढंच ठरवायचं की कुठली गाडी कुठे धाडायची, म्हणजे भाड्यावर कमीत कमी पैसे जातील.

व्यापारी कल्पित आहे आणि भाडीही उदाहरणापुरतीच ठरवलेली आहेत, पण अंतरांचा अंदाज घेऊन. चाकणहून वाशी जवळ, म्हणून तिथे भाडं सर्वांत कमी. लासलगावहून हैदराबाद सर्वांत महाग. खालच्या तक्त्यात प्रत्येक गाडीमागचं भाडं हजार रुपयांत दिलं आहे.

| | वाशी | सुरत | हैदराबाद | माल |
|---|---|---|---|---|
| लासलगाव | १२ | १४ | ३४ | ३० |
| चाकण | ७ | २१ | २६ | २० |
| सोलापूर | १९ | ३३ | १६ | २५ |
| मागणी | २५ | २० | ३० | ७५ |

ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर दिलेल्या कुणालाही हा तक्ता पाहून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. बीएमएस असो, एमबीए असो की अभियांत्रिकी, ‘ट्रान्स्पोर्टेशन प्रॉब्लेम’ हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. त्यात बहुधा आधी ‘इनिशियल सोल्यूशन’, म्हणजे सुरुवातीचं उत्तर, काढायला सांगतात आणि मग ते सुधारायला. सुरुवातीचं उत्तर म्हणजे ७५ गाड्यांची अशी कोणतीही वाटणी, जिच्यात कुठला माल शिल्लक राहत नाही आणि कुणाची मागणी अपुरी राहत नाही. अशा वाटण्या एवढ्या लहान तक्त्यातही हजारोंच्या घरात निघतात. त्यांतली एखादी झटकन हाती लागावी म्हणून दोन साध्या रीती शिकवल्या जातात.

पहिली रीत इतकी सोपी आहे की तिला पद्धत म्हणायला जीभ अडखळावी. तक्ता नकाशासारखा समोर धरायचा. वर उत्तर, डावीकडे पश्चिम. मग डावीकडचा वरचा कोपरा हा वायव्य कोपरा झाला. तिथून सुरुवात करायची आणि त्या घरात मावतील तेवढ्या गाड्या टाकायच्या. ओळीतला माल संपला तर खाली उतरायचं, रकान्याची मागणी भागली तर उजवीकडे सरकायचं. शेवटच्या, आग्नेय कोपऱ्यात पोचलं की काम झालं. हीच नॉर्थ-वेस्ट कॉर्नर मेथड.

आपल्या तक्त्यात पहिलं घर लासलगाव-वाशी. लासलगावला ३० गाड्या आहेत, वाशीला २५ हव्यात, म्हणून २५ टाकल्या आणि वाशीचा प्रश्न मिटला. उजवीकडे सरकलं की सुरत. लासलगावच्या उरलेल्या ५ गाड्या तिकडे दिल्या आणि लासलगाव रिकामं झालं. खाली चाकण. सुरतेला अजून १५ हव्यात, त्या चाकणने दिल्या. चाकणच्या उरलेल्या ५ हैदराबादला गेल्या. शेवटी सोलापूरच्या २५ गाड्याही हैदराबादलाच. पाच घरं भरली, चार घरं रिकामी राहिली.

खर्च मोजला तर २५ गुणिले १२ म्हणजे ३००, ५ गुणिले १४ म्हणजे ७०, १५ गुणिले २१ म्हणजे ३१५, ५ गुणिले २६ म्हणजे १३० आणि २५ गुणिले १६ म्हणजे ४००. बेरीज १,२१५ हजार, म्हणजे १२ लाख १५ हजार रुपये.

या सगळ्या चालीत एका गोष्टीकडे एकदाही पाहिलं नाही: भाड्याकडे. घरातले आकडे हिशेब मांडताना उपयोगी पडले, वाटणी ठरवताना नाही. ते पुसून टाकले असते तरी गाड्या तिथेच गेल्या असत्या. वाशी चाकणपासून हाकेच्या अंतरावर असूनही चाकणची एकही गाडी तिकडे गेली नाही.

दुसरी रीत व्यवहारी माणसाच्या स्वभावाला जवळची आहे. तक्त्यातलं सर्वांत कमी भाडं शोधायचं आणि त्या घरात मावतील तेवढ्या गाड्या टाकायच्या. संपलेली ओळ किंवा रकाना खोडायचा. उरलेल्यांत पुन्हा सर्वांत कमी शोधायचं. ही लीस्ट कॉस्ट मेथड.

सर्वांत स्वस्त घर चाकण-वाशी, भाडं ७. चाकणच्या सगळ्या २० गाड्या वाशीला गेल्या आणि चाकणची ओळ खोडली. आता उरलेल्यांत १२ सर्वांत कमी, लासलगाव-वाशी. वाशीला आणखी ५ हव्या होत्या, त्या दिल्या. पुढचं १४, लासलगाव-सुरत, तिथे २०. मग १६, सोलापूर-हैदराबाद, तिथे २५. आता लासलगावला ५ गाड्या उरल्या आहेत आणि हैदराबादला ५ कमी आहेत. पसंतीचा प्रश्नच नाही. भाडं ३४ असलं तरी त्या तिकडेच गेल्या पाहिजेत.

खर्च: १४० अधिक ६० अधिक २८० अधिक ४०० अधिक १७०, म्हणजे १० लाख ५० हजार. पहिल्या रीतीपेक्षा १ लाख ६५ हजारांनी कमी. वर्गात इथे फळ्याखाली रेघ मारली जाते आणि निष्कर्ष सांगितला जातो: पहिली पद्धत भाडं बघत नाही, म्हणून महाग; दुसरी बघते, म्हणून स्वस्त.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे.

आधी स्वस्त वाटणाऱ्या उत्तराची तपासणी करू. तपासायची जुनी पद्धत अशी: एखादं रिकामं घर घ्यायचं, तिथे एक गाडी जास्तीची घालून बघायची आणि बेरजा बिघडू नयेत म्हणून भरलेल्या घरांतल्या गाड्या कमी-जास्त करत परत त्याच घराशी यायचं. रिकामी घरं म्हणजे पाणी, भरलेली म्हणजे दगड, आणि दगडादगडावर पाय देत फेरा पूर्ण करायचा. म्हणून या पद्धतीला स्टेपिंग स्टोन म्हणतात. अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांनी ती १९५४ मध्ये मांडली.

चाकण-हैदराबाद हे रिकामं घर घ्या. तिथे एक गाडी घातली की २६ वाढले. चाकणची गाडी तेवढीच असल्याने वाशीची एक काढावी लागली, ७ वाचले. वाशीला ती लासलगावने भरून दिली, १२ वाढले. लासलगावची हैदराबादची एक कमी झाली, ३४ वाचले. एकूण ३८ वाढले आणि ४१ वाचले. म्हणजे गाडीमागे ३ हजारांची बचत, आणि ज्या दोन घरांतून गाड्या कमी होतात त्यांत लासलगाव-हैदराबादला फक्त ५ असल्याने जास्तीत जास्त ५ गाड्या फिरवता येतात. १५ हजार वाचले आणि खर्च १० लाख ३५ हजारांवर आला. आता उरलेलं कोणतंही रिकामं घर तपासलं तरी फेरा तोट्यातच जातो, म्हणून यापेक्षा कमी खर्चाची वाटणी नाही.

लीस्ट कॉस्ट कुठे चुकली, ते या फेऱ्यात दिसतं. चाकण-वाशीचं ७ बघून तिने चाकणचा सगळा माल तिथे ओतला. हैदराबादला जाण्यासाठी चाकण हा लासलगावपेक्षा ८ हजारांनी स्वस्त पर्याय होता, तो पहिल्याच चालीत संपला. वाशीच्या बाबतीत चाकण आणि लासलगाव यांच्यात फरक फक्त ५ हजारांचा होता. ५ वाचवण्याच्या नादात ८ घालवले. पद्धत दर वेळी आत्ताचं सर्वांत स्वस्त घर पाहते. त्या घरामुळे पुढे कुणाला महाग रस्ता धरावा लागेल, हे तिच्या हिशेबात येत नाही.

या दोषावर उतारा म्हणून तिसरी रीत शिकवतात. ती १९५८ मध्ये राइनफेल्ड आणि व्होगेल यांच्या पुस्तकातून आली. विद्यार्थी तिला ‘व्हॅम’ म्हणतात. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात सर्वांत कमी आणि त्याच्या वरचं भाडं यांतला फरक काढायचा, आणि जिथे फरक सर्वांत मोठा तिथे आधी भरायचं. विचार चांगला आहे: स्वस्त पर्याय हुकला तर किती भुर्दंड पडेल, ते आधी बघायचं. पण आपल्या तक्त्यात चाकणच्या ओळीत ७ आणि २१ यांत १४ चा फरक आहे आणि तोच सर्वांत मोठा. म्हणजे व्हॅमही पहिल्या चालीत चाकणच्या २० गाड्या वाशीलाच देते आणि शेवटी १० लाख ५० हजारांवरच थांबते. कागद-पेन्सिल घेऊन करून बघावं, दहा मिनिटांचं काम आहे.

आता त्या आंधळ्या पद्धतीकडे परत जाऊ.

तक्त्यात एक छोटासा बदल करायचा. भाडी तीच, माल तोच, मागणी तीच. फक्त सुरतेचा रकाना वाशीच्या आधी लिहायचा. शहरांचा क्रम आता सुरत, वाशी, हैदराबाद. व्यापाऱ्याच्या धंद्यात यामुळे काडीचाही फरक पडत नाही.

वायव्य कोपरा आता लासलगाव-सुरत. सुरतेला २० हव्यात, दिल्या. लासलगावच्या उरलेल्या १० वाशीला. खाली उतरून चाकणच्या १५ वाशीला, ५ हैदराबादला. सोलापूरच्या २५ हैदराबादला. खर्च २८० अधिक १२० अधिक १०५ अधिक १३० अधिक ४००. बेरीज १० लाख ३५ हजार.

म्हणजे सर्वांत कमी खर्च, आणि तोही पहिल्याच प्रयत्नात, एकाही भाड्याकडे न पाहता. लीस्ट कॉस्टला आणि व्हॅमला जिथे पोचता आलं नाही, तिथे ही पद्धत दोन रकान्यांची अदलाबदल होताच पोचली.

उलट्या दिशेनेही गंमत बघण्यासारखी आहे. शहरं हैदराबाद, वाशी, सुरत अशी लिहा. कोपऱ्यातून निघालं की लासलगावच्या ३० गाड्या हैदराबादला, चाकणच्या २० वाशीला, सोलापूरच्या ५ वाशीला आणि २० सुरतेला. खर्च १,०२० अधिक १४० अधिक ९५ अधिक ६६०, म्हणजे १९ लाख १५ हजार. या तक्त्यातल्या साऱ्या शक्य वाटण्यांत यापेक्षा महाग वाटणी सापडत नाही. एकच पद्धत, तेच आकडे, आणि रकान्यांच्या क्रमावरून कधी सर्वांत उत्तम, कधी सर्वांत वाईट, कधी मधलं १२ लाख १५ हजार.

हा योगायोग नाही. कारण नकाशावर बोट ठेवून समजतं. लासलगाव, चाकण, सोलापूर हा क्रम उत्तरेकडून आग्नेयेकडे जाणारा आहे. सुरत, वाशी, हैदराबाद हाही तसाच. दोन्ही याद्या एकाच दिशेने लावल्या की कोपऱ्याची पद्धत उत्तरेच्या मालाला उत्तरेची गिऱ्हाइकं देते आणि दक्षिणेच्या मालाला दक्षिणेची. गाड्यांचे रस्ते एकमेकांना ओलांडत नाहीत. उलट क्रमात लासलगावची गाडी हैदराबादला निघते आणि सोलापूरची सुरतेला, आणि वाटेत कुठेतरी दोन्ही चालकांची समोरासमोर भेट होते.

रस्ते ओलांडले जाऊ नयेत, हा विचार फार जुना आहे. फ्रेंच गणिती गास्पार मोंज याने १७८१ मध्ये मातीच्या कामावर एक निबंध लिहिला. एकीकडून खणलेली माती दुसरीकडे भरावासाठी न्यायची, तर कमीत कमी कष्टांत ती कशी न्यावी, हा त्याचा प्रश्न होता. मातीच्या दोन ढेकळांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर त्यांची ठिकाणं अदलून वाट कमी करता येते, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १९६३ मध्ये अमेरिकन गणिती अॅलन हॉफमन याने हीच गोष्ट तक्त्याच्या भाषेत मांडली. शेजारच्या कोणत्याही दोन ओळी आणि शेजारचे कोणतेही दोन रकाने घ्या. त्यांच्या छेदावर चार घरं मिळतात. डावीकडचं वरचं आणि उजवीकडचं खालचं यांची बेरीज दुसऱ्या तिरक्या जोडीच्या बेरजेपेक्षा जास्त नसेल, आणि असं सगळीकडे असेल, तर वायव्य कोपऱ्याची रीत नेमकं सर्वोत्तम उत्तर देते. माल आणि मागणी कितीही असो. मोंजच्या आठवणीने या अटीला त्याचंच नाव मिळालं.

आपला सुरत-वाशी-हैदराबाद हा तक्ता त्या कसोटीवर तपासता येतो. लासलगाव-सुरत १४ आणि चाकण-वाशी ७ मिळून २१. दुसरी तिरकी जोडी, लासलगाव-वाशी १२ आणि चाकण-सुरत २१, मिळून ३३. अट पाळली गेली. अशा एकूण चार तपासण्या आहेत आणि चारही बसतात. त्यांतल्या एकीत दोन्ही बाजू ४० आणि ४० अशा जेमतेम बरोबर आहेत. वाशी-सुरत या मूळ क्रमात मात्र पहिलीच तपासणी ३३ विरुद्ध २१ अशी फसते.

यातून मिळणारा व्यवहारी धडा मर्यादित आहे, हेही सांगायला हवं. सगळी ठिकाणं एका सरळ हमरस्त्यावर असतील आणि भाडं अंतराच्या प्रमाणात असेल, तर ती रस्त्याच्या क्रमाने लिहिली की अट आपोआप पाळली जाते. पण नकाशा पसरट असेल, मध्ये घाट असतील, कुठे परतीचं भाडं मिळत असेल आणि कुठे नसेल, तर ओळी-रकाने कसेही लावले तरी अट बसत नाही. मग कोपऱ्याची पद्धत पुन्हा अंदाजपंचे होते. वीस बाजार आणि पन्नास शहरं असलेल्या खऱ्या तक्त्यात असा क्रम सापडेल, अशी आशा कुणी धरू नये.

पेपर सोडवणाऱ्यासाठी यात एक साधी सूचना दडलेली आहे. प्रश्नात ओळी आणि रकाने ज्या क्रमाने दिले आहेत तोच क्रम ठेवावा. उत्तरपत्रिकेत शहरं वर्णानुक्रमे लावून घेतली, तर रीत बरोबर असूनही आकडा परीक्षकाच्या आकड्याशी जुळणार नाही.

दुसरी अडचण घरांच्या संख्येची. ओळी तीन, रकाने तीन. त्यांची बेरीज सहा, त्यातून एक वजा केला की पाच. सुरुवातीच्या उत्तरात इतकीच घरं भरलेली असली पाहिजेत, तरच पुढची सुधारणा चालते. वर १९ लाख १५ हजारांच्या वाटणीत मात्र चारच घरं भरली. लासलगावचा माल ३० आणि हैदराबादची मागणीही ३०, त्यामुळे ओळ आणि रकाना एकाच फटक्यात संपले. अशा उत्तराला डीजनरेट म्हणतात. खर्च मोजायला त्याने काही बिघडत नाही, पण सुधारायला गेलं की गाडी अडते. दगडच कमी पडतात आणि काही रिकाम्या घरांपासून फेरा पूर्णच होत नाही. मॉडिफाइड डिस्ट्रिब्यूशन या सुधारणेच्या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ओळीला आणि रकान्याला एकेक आकडा द्यायचा असतो. तिथे लासलगाव आणि हैदराबाद यांचे आकडे बाकीच्यांशी जोडायला दुवाच उरत नाही. (या पद्धतीला सगळे ‘मोडी’ म्हणतात. महाराष्ट्रात नव्या विद्यार्थ्याला काही काळ लिपीची आठवण होते, मग सवय होते.)

उपाय सोपा आहे. ओळ आणि रकाना एकदम संपले तरी त्यांतलं एकच खोडायचं आणि दुसऱ्यात शून्य शिल्लक आहे असं मानून पुढे जायचं. लासलगावची ओळ खोडली, हैदराबादचा रकाना शून्य मागणीसह जिवंत ठेवला, तर पुढचं घर चाकण-हैदराबाद. तिथे शून्य गाड्या लिहायच्या. शून्य लिहिलेलं घर आणि रिकामं घर यांत फरक असतो, आणि याच प्रश्नात तो कळतो. पहिलं घर भरलेलं धरलं जातं. पाच घरं पूर्ण झाली, आता फेरे घालता येतात.

तिसरी गोष्ट माल आणि मागणी जुळत नसेल तेव्हाची. समजा सुरतेने ५ गाड्या कमी केल्या आणि १५ वर आली. माल ७५, मागणी ७०. मग एक खोटा रकाना जोडतात, त्याची मागणी ५ आणि भाडं सगळीकडे शून्य. त्या रकान्यातल्या गाड्या बाजारातच उभ्या राहतात. आता लीस्ट कॉस्टने सोडवायला बसा. सर्वांत कमी भाडं शून्य, आणि ते तिन्ही ओळींत आहे. कुठलं शून्य आधी घ्यायचं? पद्धत काहीच सांगत नाही. लासलगावच्या ५ गाड्या उभ्या ठेवल्या तर एकूण खर्च ९ लाख ८० हजार. चाकणच्या ठेवल्या तर १० लाख ५ हजार. सोलापूरच्या ठेवल्या तर १० लाख ७० हजार. तिन्ही उत्तरं लीस्ट कॉस्टचीच आणि तिघांची रीत बरोबर. बरेच शिक्षक म्हणून खोटा रकाना शेवटी भरायला सांगतात, आणि इथे त्या मार्गाने ९ लाख ८० हजारच येतात. तरीही नियम म्हणून हे सर्वत्र मानलं जात नाही. बरोबरी कशी सोडवली, ते एका ओळीत उत्तरपत्रिकेत लिहिणं शहाणपणाचं.

हे सगळं शिकवण्याच्या सोयीसाठी रचलेलं कोडं आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. सोव्हिएत रेल्वेच्या जाळ्यावर मीठ, सिमेंट असा माल कसा हलवावा यावर ए. एन. टॉल्स्टॉय नावाच्या अभ्यासकाने १९३० मध्ये लेख लिहिला. त्यात १० उगमं आणि ६८ ठिकाणं असलेला प्रश्न हातानेच सोडवला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले गणिताचे प्राध्यापक फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये हा प्रश्न आज पुस्तकात असतो त्या रूपात मांडला. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश-अमेरिकन जहाजवाहतुकीच्या मंडळात काम करणाऱ्या ट्यालिंग कूपमन्स या डच अर्थशास्त्रज्ञासमोर तोच प्रश्न जहाजांच्या रूपात आला. माल उतरवून रिकामी झालेली जहाजं पुढच्या मालासाठी कुठल्या बंदरात पाठवावीत? कूपमन्स आणि रशियन गणिती लिओनिद कांटोरोविच यांना १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हा धागा आहे. जॉर्ज डँट्झिग यांनी १९५१ मध्ये आपली सिम्प्लेक्स पद्धत या तक्त्यावर चालवून दाखवली. सिम्प्लेक्सला निघायला एक सुरुवातीचं उत्तर लागतं, आणि कोपऱ्याची रीत ते विनासायास देते. तिचं काम तेवढंच होतं. स्वस्त उत्तर देणं हे तिच्याकडून अपेक्षितच नव्हतं.

ही जुनी गोष्ट विसरली जाते ती संशोधन निबंधांत. गेली काही वर्षं ‘सुरुवातीचं उत्तर काढण्याची नवी पद्धत’ अशा मथळ्याचे लेख नियतकालिकांत सतत येत असतात, भारतातूनही मोठ्या संख्येने. रचना ठरावीक असते. पाच-दहा छोटे तक्ते घ्यायचे, वायव्य कोपरा, लीस्ट कॉस्ट आणि व्हॅम यांचे खर्च शेजारी मांडायचे आणि शेवटच्या रकान्यात नव्या पद्धतीचा आकडा सर्वांत लहान दाखवायचा. वायव्य कोपऱ्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो आणि नवी पद्धत त्यावर अमुक टक्के सुधारणा करते, असं लिहिलेलं असतं. आपल्या पंचाहत्तर गाड्यांनी दाखवलं की तो आकडा १० लाख ३५ हजार असू शकतो किंवा १९ लाख १५ हजार. ओळी-रकान्यांचा क्रम कसा ठरवला हे न सांगता त्याच्याशी केलेली तुलना निरर्थक आहे. छोट्या तक्त्यावर लीस्ट कॉस्टलाही एखादी नवी रीत हरवते, पण पुढच्या तक्त्यावर तीच हरू शकते. तुलना करायचीच तर शेकडो यादृच्छिक तक्त्यांवर, मोठ्या आकारांवर आणि वेळ मोजून करावी.

तशी तुलना फार पूर्वी झालीही आहे. फ्रेड ग्लोव्हर, डेव्हिड कार्नी, डार्विन क्लिंगमन आणि अल्बर्ट नेपियर यांनी १९७४ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात संगणकावर मोठे प्रश्न सोडवून सुरुवातीच्या रीतींचा हिशेब मांडला. त्यांनी फक्त सुरुवातीच्या उत्तराचा खर्च पाहिला नाही. ते उत्तर काढायला लागलेला वेळ आणि तिथून शेवटच्या उत्तरापर्यंत जायला लागलेला वेळ यांची बेरीज पाहिली. व्हॅमचं सुरुवातीचं उत्तर चांगलं असलं तरी ते काढायलाच इतका वेळ जातो की फायदा उरत नाही, असं दिसलं. सर्वांत सरस ठरली ती लीस्ट कॉस्टचीच एक हलकी आवृत्ती. सबंध तक्ता धुंडाळायचा नाही. एकेका ओळीतलं सर्वांत स्वस्त घर घ्यायचं, एक वाटप करायचं आणि पुढच्या ओळीकडे जायचं, आणि माल संपेपर्यंत अशा फेऱ्या चालू ठेवायच्या.